कंपनी लहान की मोठी, हे कसे ठरते?

युरोपियन युनियनमध्ये कंपनीचा आकार 2003 साली ठरलेल्या व्याख्येप्रमाणे मोजतात. मनुष्यबळ 10 पेक्षा कमी असेल तर ती सूक्ष्म, 50 पेक्षा कमी असेल तर लघु आणि 250 पेक्षा कमी असेल तर मध्यम; त्यापुढची मोठी. उलाढालीच्या मर्यादा अनुक्रमे 20 लाख, 1 कोटी आणि 5 कोटी युरो आहेत.

मनुष्यबळाची अट पाळावीच लागते, पैशाच्या अटीत मात्र सवलत आहे. उलाढाल मर्यादेबाहेर गेली तरी ताळेबंदाची एकूण रक्कम मर्यादेत असली तर चालते. सूक्ष्म आणि लघु गटांत ताळेबंदाची मर्यादा उलाढालीइतकीच आहे, मध्यम गटात ती 4 कोटी 30 लाख. त्यामुळे माल पटापट फिरवणाऱ्या व्यापारी पेढीवर, उलाढाल फुगलेली दिसते एवढ्यावरून अन्याय होत नाही.

समजा, एका कारखान्याच्या हजेरीपटावर 56 नावे आहेत. 44 जण पूर्णवेळ, 12 जण अर्धवेळ. नुसती नावे मोजली तर कारखाना मध्यम ठरेल. पण मोजायची असतात ती वर्षभराच्या पूर्णवेळ कामाची एकके, म्हणून 12 अर्धवेळांचे 6 होतात. पूर्णवेळांपैकी 3 शिकाऊ उमेदवार आहेत, ते वगळायचे. पगार न घेता रोज कारखान्यात राबणारा मालक मात्र धरायचा. बेरीज 48. उलाढाल 1 कोटी 20 लाख युरो, म्हणजे मर्यादेबाहेर. पण ताळेबंद 90 लाखांचा. कारखाना लघु गटात बसला.

खरी फसगत यानंतर होते, कारण हे आकडे कारखान्याचे एकट्याचे आहेत. एखाद्या कंपनीकडे त्याचे 30 टक्के भाग असतील, तर तिच्या आकड्यांचे 30 टक्के यात मिळवावे लागतात. तिचे मनुष्यबळ 220 असेल तर 66 वाढून बेरीज 114 होते आणि कारखाना मध्यम गटात जातो (उलाढाल 5 कोटींच्या आत राहिली असे धरून). तिचा वाटा 60 टक्के असेल तर तिचे सगळे 220 मिळतात. बेरीज 268, म्हणजे कारखाना मोठा. लघुउद्योगाचे अनुदान मागणाऱ्या अर्जात भागधारकांची यादी द्यावी लागते ती यासाठीच. 25 टक्क्यांपेक्षा कमी वाटा सहसा मोजत नाहीत.

एखाद्या वर्षी ऑर्डरी वाढल्या आणि मर्यादा ओलांडली, तर लगेच गट बदलत नाही. सलग दोन आर्थिक वर्षे ती ओलांडावी लागते.

भारतात कामगारसंख्या या हिशेबात धरतच नाहीत. यंत्रसामग्रीतील गुंतवणूक आणि उलाढाल हे दोनच निकष आहेत आणि त्यांपैकी एकाची मर्यादा ओलांडली तरी उद्योग वरच्या गटात जातो. 1 एप्रिल 2025 पासून लघुउद्योगासाठी या मर्यादा 25 कोटी आणि 100 कोटी रुपये आहेत.