पोळ्यांची चळत आणि तव्याची चुगली

पोळ्यांची चळत वरून पाहिली तर फारसं कळत नाही, बाजूने पाहावी. मऊ पोळ्या एकमेकींवर अंग टाकून बसतात आणि त्यांच्या कडा खाली झुकतात. कडक पोळ्या मात्र कौलांसारख्या ताठ राहतात, दोघींमधून उजेड दिसतो. बाहेरगावी शिकायला गेलेल्या भाच्याने मोबाइलवर पाठवलेल्या फोटोत अशीच चळत होती. स्टीलच्या ताटात, उघडीच. सोबत प्रश्न, “मावशी, कणीक तर मऊच मळली होती, मग असं का?”

सगळ्यात वरच्या पोळीवर फिकट रंग आणि टाचणीच्या डोक्याएवढे असंख्य ठिपके होते. मोठा तपकिरी डाग एकही नाही. फुगलेल्या पोळीवर डाग ठळक, मोजके असतात आणि मधली जागा पांढुरकी, लवचिक राहते. बारीक ठिपके सगळीकडे सारखे पसरलेले असले, की तवा पुरेसा तापलेला नव्हता असं बहुधा समजावं. अशा तव्यावर डाग पडायची वाट पाहत पोळी तीन-चार मिनिटं राहते, आणि तेवढ्यात तिच्यातलं पाणी उडून जातं. (दिव्याच्या पिवळ्या उजेडात काढलेल्या फोटोतल्या रंगावर मात्र फार विसंबू नये. डागांचा आकार जास्त खरं सांगतो.)

पाण्याचं एवढं महत्त्व का, ते पिठातल्या स्टार्चमुळे. साधारण साठ अंशांच्या पुढे स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि पोळी शिजते. तवा तापलेला असेल तर आतल्या पाण्याची वाफ झपाट्याने होते, पोळीचे दोन पापुद्रे सुटतात आणि ती आतूनही शिजते. हे सगळं मिनिट-दीड मिनिटात उरकतं. मंद तव्यावर वाफ साठतच नाही, हळूहळू निसटत राहते. पोळी शिजते खरी, पण वाळतही जाते.

तवा तापला की नाही ते पाहायला चिमूटभर पिठी टाकावी. चार-पाच सेकंदांत ती बदामी होऊ लागली तर ठीक. पडताक्षणी काळी झाली तर आच कमी करावी. पहिली बाजू बारीक फोड येईपर्यंतच, मग उलटून दुसऱ्या बाजूला डाग पडेपर्यंत, आणि पुन्हा उलटून फडक्याने कडा हलक्या दाबत फुगवायची. भाच्याच्या शेगडीवर जाड तवा होता. तो मुळात तापायलाच वेळ घेतो, आणि पहिली पोळी घाईने टाकली जाते.

फोटोत आणखी एक खूण होती: एका बाजूची कड चिरलेली. हा दोष तव्याचा नाही, कणकेचा. कोंड्यासकट दळलेलं पीठ पाणी सावकाश पितं. मळताना मऊ वाटलेली कणीक अर्ध्या तासात घट्ट होते ती त्यामुळेच. पाव किलो पिठाला साधारण १६० ते १७५ मिलिलिटर पाणी लागतं. चक्कीच्या बारीक पिठाला थोडं जास्त. कणीक सुरुवातीला हाताला किंचित चिकटेल इतकी सैल ठेवून, ओल्या फडक्याखाली २०-३० मिनिटं मुरू द्यावी आणि चमचाभर तेल लावून पुन्हा मळावी. मग बोटाने दाबलेला खळगा हळूहळू भरून येतो. घट्ट कणीक लाटताना कडेला फाटते, आणि ती फट पोळीतली वाफ बाहेर सोडते.

आता राहिलं ते उघडं ताट. तव्यावरून काढलेली पोळी अजून वाफ टाकत असते. लगेच डब्यात कोंबली तर झाकणाला पाणी सुटून तळच्या पोळ्या चिकट होतात, आणि उघडी ठेवली तर कडा वाळतात. अर्धा मिनिट जाळीवर ठेवून, तूप लावून, सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवावी. सुटलेली वाफ फडकं शोषून घेतं, तूप पोळीतला ओलावा टिकवतं. फ्रीज मात्र टाळावा. फुगलेल्या स्टार्चचे धागे थंडीत पुन्हा जवळ येऊन घट्ट बसतात, आणि ही क्रिया गोठणबिंदूच्या थोडं वर सर्वांत वेगाने होते. दोन दिवसांसाठी ठेवायच्या असतील तर फ्रीजरच बरा.

फोटोवरून संशय फिटला नाही तर एक सोपी परीक्षा आहे. कडक पोळीवर पाण्याचा हात फिरवून ती तापलेल्या तव्यावर काही सेकंद ठेवावी. मऊ झाली तर ती नुसती शिळी होती, कारण उष्णतेने ते धागे पुन्हा सुटतात. वातड किंवा कुरकुरीतच राहिली तर ती भाजतानाच वाळली होती. भाच्याच्या पोळ्या दुसऱ्या प्रकारातल्या निघाल्या. त्यांचा कुस्करा करून, फोडणीत कांदा परतून, वर ताकाचा हबका मारायला सांगितलं.