बोट किती वाजता बंदरात लागेल?

बोट कधी येणार हे कळलं, तर बर्फ कधी आणायचा, टेम्पोला कधी बोलवायचं आणि लिलाव गाठता येईल का, हे सगळं ठरवता येतं. तांडेल फोनवर सांगतो, "सोळा मैल राहिलेत, आठ नॉटने येतोय." यावरून वेळ कशी काढायची, ते आज पाहू.

समुद्रावरचा मैल रस्त्यावरच्या मैलापेक्षा मोठा असतो. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणून दहा सागरी मैल म्हणजे साधारण साडेअठरा किलोमीटर. तासाला एक सागरी मैल जाण्याच्या वेगाला एक नॉट म्हणतात.

हा मैल अक्षांशावरून आला आहे. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की प्रत्येक भागाला मिनिट म्हणतात, आणि असं एक मिनिट म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल. आपला किनारा दक्षिणोत्तर असल्यामुळे याचा मोठा उपयोग होतो. समजा, बोट दाभोळसमोर १७ अंश ३५ मिनिटांवर आहे आणि तिला हर्णैला यायचं आहे. हर्णै साधारण १७ अंश ४९ मिनिटांवर आहे. फरक चौदा मिनिटांचा, म्हणजे अंतर चौदा मैल. पण बोट खडक टाळून बाहेरून येते आणि शेवटी बंदराकडे वळते. त्याचे दोन मैल धरले की सोळा होतात. नकाशावर अंतर मोजताना बाजूच्या उभ्या पट्टीवर मोजायचं. खालच्या आडव्या पट्टीवरचं मिनिट आपल्याकडे मैलापेक्षा थोडं लहान असतं.

आता सोळा मैलांना आठ नॉटने भागा. उत्तर दोन तास. किलोमीटरमध्ये केलं तरी तेच येतं. अंतर २९.६ किलोमीटर, वेग ताशी १४.८ किलोमीटर, म्हणजे दोनच तास.

घोटाळा होतो तो दोन्ही मापं मिसळली की. २९.६ किलोमीटरला आठ नॉटने भागलं, तर पावणेचार तास लागतील असं वाटतं. टेम्पो उशिरा येतो आणि मासळी धक्क्यावर पडून राहते. उलट, सोळा मैलांना १४.८ने भागलं तर तासाभरातच बोट येईल असं वाटतं. बर्फ आधी आणला जातो, आणि दुसरा तास उलटला की घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. म्हणून आकड्यासोबत माप विचारा. जीपीएसच्या पडद्यावर NM आणि kn असेल तर मैल आणि नॉट, km आणि km/h असेल तर किलोमीटर.

वेगही आत्ताचा विचारा. समोरून वारा किंवा प्रवाह असला की बोट मंदावते. आठचे सहा नॉट झाले, तर तेच सोळा मैल यायला दोन तास चाळीस मिनिटं लागतात. म्हणून तांडेलाशी पुन्हा बोलणं झालं की उरलेले मैल आणि त्या वेळचा वेग घेऊन हिशेब नव्याने करा.