फोन गातो, फाइल गप्प

डोंबिवलीतल्या एका गायनशिक्षिकेकडे चाळीस मिनिटांचा एक व्हिडिओ आहे. तास भूपाचा. पडद्यावरच्या एका चौकटीत न्यू जर्सीतली विद्यार्थिनी, दुसरीत बाई स्वतः. दोघींचे ओठ हलतात, बाईंचा हात मांडीवर ठेका धरतो, मध्येच दोघी हसतात. आवाज मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत नाही. गाणं राहू दे, पंख्याची घरघर नाही की खालच्या रिक्षाचा हॉर्न नाही. तास झाला तेव्हा फोनमधून सगळं छान ऐकू येत होतं आणि रेकॉर्डरमध्ये ‘आतला आवाज’ आणि ‘मायक्रोफोन’ हे दोन्ही पर्याय चालू होते.

बाईंचे व्हिडिओ कापून-जोडून देणारा एक तरुण एडिटर आहे. त्याने ती फाइल लॅपटॉपवर घेतली आणि एका ओळीची आज्ञा दिली.

```
ffmpeg -i taas.mp4 -af volumedetect -f null -
```

उत्तरात सरासरी पातळी आली −९१.० डेसिबल आणि कमाल पातळीही तेवढीच. “बाई, उणे ९१,” तो म्हणाला. डॉक्टर रिपोर्ट वाचून दाखवतात तसा सूर होता. या एका आकड्यामुळेच हा लेख लिहावासा वाटला, कारण उणे ९१ म्हणजे ‘फार हळू’ नव्हे. बंद खोलीत, पंखा थांबवून, फोन टेबलावर ठेवून मायक्रोफोनने नुसती शांतता टिपली, तर एडिटरच्या चाचणीत उणे ५५च्या आसपास आकडा आला. खरी शांतता कधीच पूर्ण शांत नसते. १६ बिटांच्या मोजणीत उणे ९१च्या खाली जायला जागाच नाही, आणि कमाल पातळीही तिथेच असेल तर फाइलमध्ये ओळीने नुसती शून्यं भरलेली आहेत. आवाज हरवला नव्हता. फोनने रेकॉर्डरच्या हातात मुद्दाम शून्यं ठेवली होती.

अँड्रॉइडमध्ये पडदा टिपण्याची सोय २०१४ साली, पाचव्या आवृत्तीत आली. आतला आवाज टिपायची परवानगी बाहेरच्या अ‍ॅपना मिळाली ती २०१९ साली, दहाव्या आवृत्तीत. मधली पाच वर्षं लोक फोनचा स्पीकर मोठा करून तोच आवाज त्याच फोनच्या मायक्रोफोनने पकडत होते. हेडफोन लावला की सगळं बंद. बाईंचे सुरुवातीचे व्हिडिओ त्या काळातले आहेत आणि त्यांत तानपुऱ्यापेक्षा कुकरच्या शिट्ट्या जास्त स्पष्ट येतात.

दहाव्या आवृत्तीने दार उघडलं, पण कडी आतल्या बाजूला ठेवली. आवाज टिपणाऱ्याला काय हवं हे पुरेसं नाही; आवाज काढणाऱ्या अ‍ॅपचीही संमती लागते. प्रत्येक अ‍ॅप आवाज वाजवताना तो कशासाठी आहे हे फोनला सांगतं. गाणी आणि चित्रफिती, खेळ, आणि ज्यांनी काहीच सांगितलं नाही असे आवाज, या तीनच प्रकारांना रेकॉर्डरकडे जायची मुभा आहे. गजर, रस्ता सांगणारी बाई, फोनची रिंग यांना ती नाही. आणि संभाषणाला तर नाहीच. व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप आपला आवाज `USAGE_VOICE_COMMUNICATION` या शिक्क्याखाली वाजवतं. तो शिक्का दिसला की बाजारातून उतरवलेल्या कुठल्याही रेकॉर्डरला त्यातलं अक्षरही मिळत नाही. विद्यार्थिनीचा आवाज गेला तो इथे.

मग बाईंचा स्वतःचा आवाज? मायक्रोफोन तर चालू होता.

एडिटरलाही याचं कोडं पडलं होतं. पूर्वी एका वेळी एकाच अ‍ॅपला मायक्रोफोन मिळायचा. दुसऱ्याने मागितला तर त्याला सरळ नकार. दहाव्या आवृत्तीपासून दोघांना एकदम मायक्रोफोन उघडता येतो. फक्त त्यांतलं एक अ‍ॅप संभाषणासाठी ऐकत असेल तर त्याला खासगीपणाचा मान मिळतो. खरा आवाज त्याला आणि दुसऱ्याला शून्यं. दुसरा कोण, तर रेकॉर्डर. त्याला चूक कळवली जात नाही, आणि आपल्याला शून्यं मिळत आहेत ही खबर त्याने स्वतः मागितली तरच मिळते. त्याच्या दृष्टीने मायक्रोफोन मिळाला, नमुने येत आहेत, फाइल भरते आहे. पडद्यावर लाल ठिपका लुकलुकत राहतो. चाळीस मिनिटं.

यामागचा हेतू पटण्यासारखा आहे. पलीकडच्या माणसाला न विचारता त्याचं बोलणं साठवणाऱ्या अ‍ॅपची फोनवर गर्दी होऊ शकते, आणि ती होऊ नये हे बरंच. खटकतो तो मुकेपणा. ‘हा आवाज मिळणार नाही’ एवढं एक वाक्य पडद्यावर आलं असतं, तर बाईंनी तासाच्या पहिल्याच मिनिटाला दुसरा फोन शेजारी ठेवला असता.

खरी गंमत तानपुऱ्याची. कॉलवर काहीच मिळत नाही हे कळल्यावर बाईंनी ठरवलं, की विद्यार्थिनीला रियाजासाठी एक पाठ रेकॉर्ड करून पाठवायचा. कॉल नाही, दुसरं कुणी नाही. फोनवर त्यांचं आवडतं तानपुऱ्याचं अ‍ॅप, काळी चार, आणि समोर भूपाच्या आरोह-अवरोहाची चित्रं. आतला आवाज आणि मायक्रोफोन दोन्ही चालू. कॉल नसल्याने मायक्रोफोन आता खरा आवाज देणार होता आणि तानपुरा तर संगीतच. त्याला कोण अडवणार?

पाठ आला. बाईंचा गळा स्वच्छ. तानपुरा मात्र लांब, शेजारच्या घरात लावल्यासारखा. तो फक्त स्पीकरमधून मायक्रोफोनमध्ये शिरलेला होता. आतल्या वाटेने काहीच आलं नव्हतं. एडिटरने फोन केबलने लॅपटॉपला जोडला आणि अ‍ॅपची चौकशी केली. आज्ञेत कंसाच्या जागी अ‍ॅपचं पॅकेज-नाव येतं.

```
adb shell dumpsys package <app> | grep targetSdk
```

उत्तर आलं `targetSdk=28`.

“अठ्ठावीस,” तो म्हणाला. “एकोणतीस असतं तर चाललं असतं.”

दहाव्या अँड्रॉइडचा तांत्रिक क्रमांक २९. अ‍ॅप बनवणारा आपलं अ‍ॅप कुठल्या क्रमांकासाठी बांधलं आहे ते त्यात लिहितो. २९ किंवा पुढचा असेल, तर आवाज टिपायला संमती आहे असं फोन धरून चालतो. बनवणाऱ्याला ती काढून घेता येते. २८ किंवा मागचा असेल तर उलट. संमती नाही असं धरलं जातं, आणि हवी असेल तर बनवणाऱ्याने अ‍ॅपच्या माहितीपत्रात `allowAudioPlaybackCapture` समोर तसं लिहावं लागतं. जुन्या अ‍ॅपवाल्यांनी या विषयावर कधी होकार दिला नव्हता, म्हणून त्यांचं मौन नकार समजलं गेलं. गूगलच्या दुकानात २०२० साली २९ सक्तीचा झाला, पण नव्या अ‍ॅपना आणि नव्या आवृत्त्यांना. ज्याने त्यानंतर आवृत्तीच काढली नाही, त्याचं अ‍ॅप २८वरच राहिलं. बाईंचा तानपुरा त्यांपैकी. तो बनवणाऱ्याने कुणाला अडवायचं ठरवलं नव्हतं. त्याने बहुधा या अ‍ॅपकडे पाहणंच सोडलं होतं.

गाण्यांची आणि सिनेमांची काही अ‍ॅप गप्प राहतात त्याचं कारण वेगळं. तिथे २९च्या पुढचा क्रमांक असतो आणि नकार जाणीवपूर्वक लिहिलेला असतो. हक्कांचे पैसे मोजून आणलेलं गाणं कुणी फुकटात टिपून नेऊ नये, हा हिशेब. तो समजतो तरी. २८वर अडकलेल्या तानपुऱ्यामागे कुणाचाच हिशेब नाही.

एडिटरने दुसरं, अलीकडे अद्ययावत झालेलं तानपुऱ्याचं अ‍ॅप टाकलं. क्रमांक तपासला, दहा सेकंदांची चाचणी घेतली, आतला आवाज आला. मग दोन्ही पर्याय चालू ठेवून पाठ पुन्हा रेकॉर्ड केला. मीटर व्यवस्थित हलत होता, पातळी हवी तिथे होती. त्याच्या मते काम झालं होतं.

बाईंनी हेडफोन लावला, डोळे मिटले आणि चार आवर्तनांत काढून ठेवला. “अरे, जवारी गेली.”

“कुठे गेली?”

“तार वाजतेय. जवारी नाही.”

जवारी म्हणजे तारेच्या मूळ स्वरावर उमलणाऱ्या उपस्वरांची झळाळी. तीच तानपुऱ्याचा प्राण. फाइलमध्ये तानपुरा दोनदा येत होता. एकदा आतल्या वाटेने, आणि एकदा स्पीकरमधून बाहेर पडून मायक्रोफोनमध्ये परत शिरून, काही मिलिसेकंद उशिरा. सारखाच आवाज थोड्या उशिराने स्वतःवर पडला की काही कंपनं दुणावतात आणि काही एकमेकांना खाऊन टाकतात. उशीर दहा मिलिसेकंदांचा धरला, तर सेकंदाला ५०, १५०, २५० अशी शंभराच्या अंतराने वर जाणारी कंपनं दबतात. बोलण्यात ते डब्यात बोलल्यासारखं पोकळ वाटतं. तानपुऱ्यात नेमके उपस्वर फणीसारखे गळून पडतात. मीटर एकूण पातळी दाखवतो, त्यामुळे त्याला हे दिसत नाही. आकड्यांवर विश्वास असलेल्या त्या मुलाला हे बाईंकडून कळलं, आणि एरवी पटापट बोलणारा तो बराच वेळ त्या दोन फाइली आलटून-पालटून ऐकत बसला.

उपाय साधा निघाला. तारेचा हेडफोन फोनला लावायचा. स्पीकर बंद झाला की तानपुरा मायक्रोफोनपर्यंत पोचत नाही. तो फक्त आतल्या वाटेने येतो आणि गळा फक्त बाहेरच्या. मात्र हेडफोनच्या तारेवर मायक्रोफोन असेल तर फोन गळ्यासाठी तोच वापरू लागतो, आणि तो साडीच्या पदराला घासून खरखरतो. म्हणून मायक्रोफोन नसलेला हेडफोन घ्यायचा.

कॉलवरच्या तासाला मात्र फोनमध्ये उतारा सापडला नाही. कॉलचं अ‍ॅप स्वतः रेकॉर्ड करू देत असेल तर तीच खरी वाट, कारण दोघींचा आवाज त्याच्याच हातात असतो आणि रेकॉर्डिंग चालू झाल्याचं समोरच्यालाही दिसतं. नाहीतर विंडोजचा लॅपटॉप. तिथे स्पीकरकडे निघालेला एकत्रित आवाज वाटेतच टिपायची सोय मुळात आहे. ओबीएससारखा मोफत रेकॉर्डर तो ‘डेस्कटॉप ऑडिओ’ म्हणून घेतो, मग ते गाणं असो की कॉल. फोनवरची शिक्क्यांची छाननी तिथे नाही. विद्यार्थिनीला विचारून बाई आता लॅपटॉपवरून तास घेतात.

तिथे नवी अडचण निघाली आहे. कॉलची अ‍ॅप सतत चालणाऱ्या आवाजाला पंखा समजून पुसतात, त्यामुळे न्यू जर्सीला तानपुरा बाई गात असतानाच येतो आणि त्या थांबल्या की बुडतो. झूममध्ये संगीतकारांसाठी मूळ आवाज जसाच्या तसा पाठवायची वेगळी सेटिंग आहे. एडिटरने ती चालू करून दिली. प्रत्येक तासाआधी ती चालू आहे ना, हे बाई एका वहीत टिक करून तपासतात.

भूपाच्या त्या चाळीस मिनिटांचं काही करता येईल का, असं त्यांनी एडिटरला विचारलं होतं. हळू आवाज वाढवता येतो, खरखर कमी करता येते. शून्याला कितीने गुणलं तरी शून्यच, असं त्याने सांगितल्यावर त्यांनी फाइल काढून टाकू दिली नाही. विद्यार्थिनीचा हात ताल धरताना तिसऱ्या मात्रेला चुकतो, ते त्यात स्पष्ट दिसतं म्हणाल्या.