एक चिन्ह आणि हरवलेला फ्लिप-फ्लॉप

एफपीजीए बोर्डावर एक साधं बटण असतं. ते कधी दाबायचं हे माणूस ठरवतो, चिपमधल्या क्लॉकला विचारून दाबत नाही. त्यामुळे बटणाचा सिग्नल नेमका क्लॉकच्या ठोक्यालाच बदलला, तर तो टिपणारा फ्लिप-फ्लॉप शून्य आणि एक यांच्या मध्येच काही काळ अडकू शकतो. याला मेटास्टेबिलिटी म्हणतात. त्यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे: एकामागे एक असे दोन फ्लिप-फ्लॉप लावायचे. पहिला गोंधळला तरी पुढचा ठोका पडेपर्यंत त्याला सावरायला वेळ मिळतो आणि बाकीचं सर्किट फक्त दुसऱ्याकडे पाहतं. 50 मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर हा वेळ साधारण 20 नॅनोसेकंद असतो.

सर्किट शब्दांत लिहायची भाषा म्हणजे व्हेरिलॉग. सी किंवा पायथन येणारा विद्यार्थी हे दोन फ्लिप-फ्लॉप बहुधा असे लिहितो:

```verilog
always @(posedge clk) begin
  q1 = d;
  q2 = q1;
end
```

वाचायला यात काहीच खटकत नाही. ठोका पडला की `d` हे `q1` मध्ये जातं आणि `q1` हे `q2` मध्ये. पण `=` ही ब्लॉकिंग नेमणूक आहे. ती ओळ पूर्ण होईपर्यंत पुढची ओळ अडून राहते. म्हणजे दुसऱ्या ओळीची पाळी येते तेव्हा `q1` बदलून मोकळा झालेला असतो आणि `q2` ला मिळतो तो नवा `q1`, म्हणजेच थेट `d`. समजा तिन्ही शून्य आहेत आणि बटण दाबल्यावर `d` एक झाला. पहिल्याच ठोक्याला `q1` आणि `q2` दोन्ही एक होतात. मधला ठोका गायब.

सिंथेसिस करणारं सॉफ्टवेअर, म्हणजे या मजकुरातून खरं सर्किट काढणारं, हाच अर्थ घेतं. `q2` ची तार त्याला सरळ `d` ला जोडलेली दिसते. `q1` पुढे कुठे वापरलेला नसेल तर ते त्याला निरुपयोगी समजून काढूनही टाकतं. दोन फ्लिप-फ्लॉप लिहिले, चिपमध्ये एकच गेला. एरर नाही, काही नाही. बोर्ड चालतो, बटण चालतं, प्रात्यक्षिकाला मार्कही मिळतात. पण ज्या संरक्षणासाठी हा खटाटोप केला ते जागेवर नसतं. मग कधीतरी, शंभरदा नीट चाललेलं बटण एकदा भलतंच काही करून जातं आणि माणूस बटणालाच दोष देतो.

हवी होती ती नॉन-ब्लॉकिंग नेमणूक:

```verilog
always @(posedge clk) begin
  q1 <= d;
  q2 <= q1;
end
```

`<=` मध्ये काम दोन टप्प्यांत होतं. ठोका पडताच सगळ्या ओळींच्या उजव्या बाजू जुन्या किमतींवरून वाचून ठेवल्या जातात. त्या क्षणाची बाकीची कामं उरकली की मग डाव्या बाजू बदलतात. बांधकामावर घमेली सरकवणारी माणसांची रांग आठवा: हाक आली की प्रत्येक जण हातातलं घमेलं पुढच्याला देतो आणि मागच्याचं घेतो, म्हणून एका हाकेत प्रत्येक घमेलं एकच माणूस पुढे जातं. खरे फ्लिप-फ्लॉप असंच वागतात. वरच्या उदाहरणात आता पहिल्या ठोक्याला `q1` एक होतो, `q2` शून्यच राहतो. `q2` एक होतो तो दुसऱ्या ठोक्याला.

यावर कुणी म्हणेल, ब्लॉकिंगच ठेवू आणि ओळी उलट लिहू. आधी `q2 = q1`, मग `q1 = d`. या दोन ओळींपुरतं ते चालतंही. पण मग सर्किटचा अर्थ ओळींच्या क्रमावर टांगलेला राहतो आणि सहा महिन्यांनी दुसरं कुणी एक ओळ मध्ये घुसवलं की संपलं. शिवाय दोन ओळी वेगवेगळ्या ब्लॉकमध्ये असतील तर क्रम आपल्या हातातच नसतो:

```verilog
always @(posedge clk) q1 = d;
always @(posedge clk) q2 = q1;
```

एकाच ठोक्याला जागे होणारे दोन ब्लॉक कुठल्या क्रमाने चालवायचे, हे व्हेरिलॉगचं प्रमाणपत्रक सिम्युलेटरवर सोडतं. वरचा आधी चालला तर `q2` ला नवी किंमत, खालचा आधी चालला तर जुनी. यालाच रेस म्हणतात. गंमत अशी की सिंथेसिस इथे बिनतक्रार दोन फ्लिप-फ्लॉप देतं. मघाशी सिम्युलेशन आणि चिप दोघं एकमताने चुकत होते. इथे चिप बरोबर आणि सिम्युलेशनचा भरवसा नाही. फाइलींचा क्रम बदलला किंवा सिम्युलेटरची आवृत्ती बदलली आणि उत्तर एका ठोक्याने हललं, तर आधी रेसचाच संशय घ्यावा.

मग सगळीकडे `<=` च लिहावं का? तेही नाही. क्लॉक नसलेल्या, नुसत्या गेटच्या तर्कात ते उलटतं:

```verilog
always @(a or b or c) begin
  t <= a & b;
  y = t | c;
end
```

`a` एक, `c` शून्य आणि `b` शून्यावरून एक झाला असं धरा. ब्लॉक जागा होतो. `t` ची नवी किंमत एक, पण ती अजून लागू झालेली नाही. म्हणून `y` जुन्या `t` वरून शून्यच येतो. नंतर `t` एक होतो, पण वरच्या यादीत `t` नसल्यामुळे ब्लॉक पुन्हा जागा होत नाही. सिम्युलेशनमध्ये `y` शून्यावर अडकतो, तर सिंथेसिसने दिलेले खरे गेट एक दाखवतात. दोन्ही ओळींत `=` लिहिलं की प्रश्न मिटतो. यादीऐवजी `@*` लिहिलं तर `t` आपोआप यादीत येतो आणि चूक झाकली जाते, एवढंच.

नवख्यांना चकवणारी आणखी एक गोष्ट आहे. `<=` च्या लगेच खाली `$display` लिहिलं तर जुनीच किंमत छापली जाते, आणि बिचारा बरोबर असलेला कोड बदलत बसतो. डाव्या बाजू बदलून झाल्यावरची किंमत पाहायची तर `$strobe` वापरावं.

क्लिफर्ड कमिंग्ज यांनी 2000 साली सॅन होजेच्या परिषदेत याच विषयावर निबंध वाचला. त्यातले नियम आजही शिकवले जातात: क्लॉकवर चालणाऱ्या ब्लॉकमध्ये `<=`, गेटच्या तर्काच्या ब्लॉकमध्ये `=`, आणि एकाच ब्लॉकमध्ये दोन्हींची भेसळ नाही. तात्पुरत्या किमतीसाठी क्लॉकच्या ब्लॉकमध्ये `=` वापरणारे अनुभवी लोक आहेत, आणि ती किंमत ब्लॉकबाहेर कुणी वाचत नसेल तर ते चुकतही नाहीत. तरी शिकणाऱ्याने तो मोह टाळावा असं माझं मत आहे. आज तात्पुरती असलेली किंमत उद्या कुणीतरी बाहेर वाचतंच.

चूक पकडायला डोळ्यांवर विसंबू नये. वेव्हफॉर्ममध्ये ठोके मोजावेत आणि सिंथेसिसच्या अहवालात फ्लिप-फ्लॉपची संख्या आपल्या अपेक्षेशी ताडून पाहावी. व्हेरिलेटर हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर अशा जागा दाखवतं: क्लॉकच्या ब्लॉकमध्ये `=` दिसलं की `BLKSEQ`, गेटच्या तर्कात `<=` दिसलं की `COMBDLY`, आणि एकाच सिग्नलला दोन्ही लागले की `BLKANDNBLK`. सिस्टिमव्हेरिलॉगमध्ये `always_ff` आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. त्याच्या आत `=` लिहायला भाषेची आजही मनाई नाही.