चाळीस मिनिटांची झोप

“बाळ चाळीस मिनिटांत उठतं अन् मग किरकिर करतं,” चार महिन्यांच्या मुलाची आई सांगत होती. दूध पुरत नसेल, असं दादींचं म्हणणं. पण बाळ पोटभर पीत होतं, वजनही वाढत होतं.

कारण वेगळं होतं. या वयात झोपेचं एक चक्र साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचं असतं. ते संपताना झोप हलकी होते. खांद्यावर झोपलेलं बाळ तेव्हा स्वतःला गादीवर पाहतं आणि पूर्ण जागं होतं.

आईनं फक्त सकाळची झोप सुधारायला घेतली. बाळ सातला उठायचं. नऊऐवजी साडेआठलाच, जांभया येताच, तिनं पडदे ओढून त्याला पेंगुळलेलं पण जागं असतानाच पाठीवर निजवलं; उशी न घेता, सपाट घट्ट गादीवर. पस्तीस मिनिटांनी ती जवळ जाऊन बसे. बाळ चुळबुळलं की लगेच न उचलता छातीवर हलका हात ठेवी. रडू वाढलं तर मात्र उचलून घेई. आठवड्याभरात ती झोप सव्वा तासाची झाली.

बाकीच्या झोपा आखूडच राहिल्या. त्यात बिघडत नाही. पाच-सहा महिन्यांनंतर बहुतेक बाळांची झोप आपोआप लांबते. मात्र बाळ सुस्त असेल, दूध कमी घेत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावं.