अंग तापलेले, तरी हुडहुडी का?

हिवतापाच्या रुग्णाजवळ बसणाऱ्याला एक कोडे पडते. थर्मामीटर 39 अंश सेल्सिअस दाखवतो, कपाळाला हात लावला तर चटका बसतो, आणि रुग्ण मात्र दात वाजवत आणखी एक गोधडी मागतो. खोटे दोघेही बोलत नसतात, ना थर्मामीटर ना रुग्ण.

कोडे सुटते ते मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये. बदामाएवढा, जेमतेम चार ग्रॅमचा हा भाग. रक्तातले क्षारांचे प्रमाण एक-दोन टक्क्यांनी जरी वाढले तरी तो तहान लावतो. चरबीच्या पेशींतून येणारे लेप्टिन आणि रिकाम्या जठरातून येणारे घ्रेलिन यांच्या निरोपांवरून तो भुकेचा अंदाज घेतो. आणि त्याच्या पुढच्या भागातल्या काही पेशी शरीराचे तापमान 37 अंशांच्या आसपास राखतात, गीझरचा काटा एका ठिकाणी लावून ठेवावा तसे.

तापात सरकतो तो हा काटा. व्हायवॅक्स जातीच्या हिवतापात साधारण 48 तासांनी परजीवी असंख्य लाल पेशी एकाच वेळी फोडून बाहेर पडतात. चवताळलेल्या पांढऱ्या पेशी रक्तात इंटरल्यूकिनसारखी रसायने सोडतात. त्यांच्यामुळे मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन ई-2 तयार होते आणि ते काटा, समजा, 40 वर नेऊन ठेवते. आता 37 काय किंवा 39 काय, हायपोथॅलॅमसच्या लेखी शरीर गारठलेलेच! मग त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय गार पडतात, स्नायू थरथरून उष्णता निर्माण करतात. 40 गाठले की हुडहुडी थांबते आणि अंग नुसते भाजत राहते. काही तासांनी प्रोस्टाग्लँडिन ओसरते, काटा खाली येतो, आणि तेच 40 अंश आता जास्त ठरतात. रुग्ण पांघरूण फेकून देतो, घामाने अंथरूण भिजते. घामात पाणी गेले, रक्त दाटले, म्हणून घसा कोरडा पडतो. भूक मात्र तेवढ्यात परतत नाही, कारण इंटरल्यूकिन तिलाही दाबून ठेवते.

पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखते, म्हणून काटा उतरतो. परजीवीला त्याने काहीच होत नाही. त्यासाठी रक्त तपासून हिवतापाचेच औषध घ्यावे लागते. हुडहुडी भरलेल्याला बर्फाच्या पाण्याने पुसणेही चुकीचे, कारण काटा वरच असतो आणि थरथर उलट वाढते.

विदर्भातल्या मे महिन्यातला उष्माघात ही वेगळी गोष्ट. तिथे काटा 37 वरच असतो. शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही, एवढेच. त्यामुळे पॅरासिटामॉलला खाली आणण्याजोगे काही उरतच नाही. उन्हात राबणारा माणूस बरळू लागला, त्याचा तोल जाऊ लागला आणि अंग भाजत असले, तर गोळी शोधत बसू नये. त्याला सावलीत आणून, कपडे सैल करून, अंगावर भरपूर गार पाणी ओतत वारा घालावा आणि त्याच वेळी 108 ला फोन करावा.