मागण्यांच्या यादीत न येणारी गरज

एखाद्या दूध संघाने आपल्या उत्पादकांसाठी मोबाइल ॲप करायचं ठरवलं, की सुरुवात बहुतेक एकाच प्रश्नाने होते: तुम्हाला त्यात काय काय हवं? गावोगावच्या संकलन केंद्रांवरून मागण्या येतात. बिल दहाऐवजी सात दिवसांनी जमा व्हावं, जनावर कधी विणार याची आठवण यावी, पेंडीची मागणी घरबसल्या नोंदवता यावी, शेजारच्या गोठ्याच्या फॅटशी आपली फॅट ताडून पाहता यावी, हवामान दिसावं. मग कोणत्या मागणीला किती लोकांचा दुजोरा हे मोजायचं आणि वरच्या दहा कामाला घ्यायच्या, असा साधा हिशेब होतो.

या यादीत एक गोष्ट सहसा नसते. सकाळी केंद्रावर घातलेल्या दुधाचे लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर ॲपवर अचूक दिसले पाहिजेत, हे कोणी लिहून देत नाही. ते मागावं लागेल असं कोणाच्या मनातही येत नाही. पण काट्यावरच्या पावतीत फॅट ४.२ आणि ॲपवर ३.९ असं दोनदा झालं, की गावात त्या ॲपचं नाव कायमचं खराब होतं. त्यानंतर हवामान कितीही सुरेख दाखवा, कोणी उघडून बघत नाही.

जपानचे गुणवत्ता-अभ्यासक नोरिआकी कानो यांनी नेमकी हीच गोम पकडली. सहकाऱ्यांसोबत त्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात टीव्ही संच आणि टेबलावरची घड्याळं यांच्याबद्दल ग्राहकांना प्रश्न विचारले होते. वस्तू जितकी चांगली तितका ग्राहक खूश, ही सरळ रेष सगळ्या गुणांना लागू होत नाही, हे त्यांनी दाखवलं. काही गुण असले तर कोणी दखल घेत नाही, नसले तर मात्र संताप होतो. हे ‘असायलाच हवेत’ असे गुण. काही जितके वाढतील तितकं समाधान वाढतं, घटतील तितकी नाराजी. बिल किती दिवसांत मिळतं हा त्यातला. आणि काही नसल्याने कोणाचं अडत नाही, पण मिळाले तर माणूस हरखतो. याखेरीज काहींचं कोणाला सोयरसुतक नसतं आणि काही तर लोकांना नकोच असतात.

कोणतं फीचर कोणत्या गटातलं, हे टीमने बैठकीत बसून ठरवायचं नाही. ते वापरणाऱ्यांकडून काढून घ्यायचं. कानोंच्या पद्धतीचा कणा म्हणजे प्रश्नांची जोडी. प्रत्येक फीचरबद्दल दोन प्रश्न. ‘दूध घातल्याबरोबर फॅट आणि रक्कम मोबाइलवर अचूक दिसली, तर कसं वाटेल?’ आणि ‘ती अचूक दिसली नाही, तर कसं वाटेल?’ दोन्हींना उत्तरं तीच पाच: आवडेल, असायलाच हवं, फरक पडत नाही, चालवून घेईन, आवडणार नाही. दुसऱ्या प्रश्नात ‘असायलाच हवं’ म्हणजे ‘तसंच अपेक्षित आहे’, हे नीट समजावून सांगावं लागतं. तिथेच जास्त गोंधळ होतो.

आता एका जोडीकडे नीट पाहू. दोन गायी असलेली एक शेतकरी बाई पहिल्या प्रश्नाला म्हणते, ‘असायलाच हवं.’ दुसऱ्याला म्हणते, ‘आवडणार नाही.’ फीचर असण्याचा तिला आनंद नाही, नसण्याचा राग आहे. तिच्यापुरतं ते ‘असायलाच हवं’ या गटात गेलं. तिने पहिल्याला ‘आवडेल’ आणि दुसऱ्याला ‘आवडणार नाही’ म्हटलं असतं, तर ते ‘जितकं जास्त तितकं बरं’ या गटात बसलं असतं. ‘आवडेल’ आणि ‘फरक पडत नाही’ अशी जोडी आली, तर ते हरखवणारं. पहिला प्रश्न एकटा विचारला असता तर बाईचं ‘असायलाच हवं’ हे उत्तर थंड वाटलं असतं आणि फीचर यादीत खाली गेलं असतं. दुसरा, उलटा प्रश्नच तिचा राग बाहेर काढतो. दोन्हींना ‘आवडेल’ असं उत्तर बऱ्याच जणांकडून आलं, तर दोष उत्तर देणाऱ्यांचा नाही. प्रश्न अवघड झालाय असं समजावं आणि तो बोलीत पुन्हा लिहावा.

समजा, ४० उत्पादकांना विचारलं. अचूक नोंदीबाबत २२ जणांची उत्तरं ‘असायलाच हवं’ या गटात, १० ‘जितकं जास्त तितकं बरं’मध्ये, ४ हरखणारी, ४ तटस्थ. नसल्याने नाराज होणारे २२ आणि १० मिळून ३२, म्हणजे ४० पैकी ०.८०. असल्याने समाधान वाढणारे १० आणि ४ मिळून १४, म्हणजे ०.३५. दुसरीकडे विण्याच्या तारखेची आठवण घ्या. १९ जण हरखणारे, ५ ‘जितकं जास्त’वाले, २ ‘असायलाच हवं’वाले, १४ तटस्थ. समाधान २४, म्हणजे ०.६०, नाराजी फक्त ७, म्हणजे ०.१८च्या आसपास. हे दोन आकडे शेजारी ठेवले, की आधी काय करायचं याचा वाद बराच शमतो.

पण त्या १४ तटस्थांकडे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. ते बहुतेक एक-दोन जनावरं असलेले निघाले, तर अर्थ स्पष्ट आहे: गाय कधी भरवली आणि कधी विणार, हे त्या घरात लहानथोर सगळ्यांना पाठ असतं. आठवण हवी आहे ती वीस गायींच्या गोठेवाल्याला. सगळ्यांची मोट बांधून सरासरी काढली की हा फरक बुजतो, आणि एका गटासाठी केलेलं काम दुसऱ्याच्या स्क्रीनवर अडगळ होऊन बसतं. फॅटच्या तुलनेचंही तसंच. ज्याची फॅट चांगली लागते त्याला ती आवडेल. ज्याची कमी लागते त्याला ती चारचौघांत दिसायला नको असेल. लोकांचा असा विरोध दिसला, तर ते फीचर सरसकट देऊ नये.

कानोंच्या पद्धतीला खर्च कळत नाही, तो शेजारी मांडावाच लागतो. विण्याची आठवण स्वस्त आहे: रेतनाच्या तारखेत गायीसाठी सुमारे २८० आणि म्हशीसाठी सुमारे ३१० दिवस मिळवायचे. अचूक नोंदीचं काम जिकिरीचं. केंद्रावरचं यंत्र, काटा आणि ॲप यांची सांगड घालायची, नेट गेलं तरी नोंद हरवू द्यायची नाही. तरी पहिला पैसा आणि पहिले महिने तिथेच घालावेत. फक्त ते पुरेसं झालं की थांबावं. नोंद पावतीशी जुळली की बास. ती रंगीत आलेखात दाखवून कोणी जास्त खूश होणार नाही. बिलाच्या सात दिवसांचं मात्र ॲपच्या टीमने वचनच देऊ नये, कारण ते दिवस संघाच्या तिजोरीवर ठरतात.

हे गट कायमचेही नसतात. टीव्हीचा रिमोट एके काळी लोकांना हरखवायचा. पुढे तो असायलाच हवा असा झाला, हे कानोंनीच नंतर मांडलं. दूध घातल्याबरोबर येणारा संदेशही एके काळी नवलाचा होता. आज एक दिवस तो आला नाही, तर केंद्रावर विचारणा होते. म्हणून ॲपची पुढची आवृत्ती ठरवताना जुनी यादी उचलू नका. त्याच गावांत, लहान-मोठ्या दोन्ही गोठ्यांवर, तीच प्रश्नांची जोडी घेऊन पुन्हा जा.